आठ फुटी वाफ्याला नेमकी किती पोती माती लागली

गच्चीवर भाजी लावायची, हे गेल्या पावसाळ्यातच ठरवलं होतं. विटांचा उंच वाफा बांधायचा, त्यात चांगली माती भरायची आणि उन्हाळ्यात भेंडी-गवार घरची खायची, इतका साधा बेत होता. बांधणं, पेरणं, पाणी घालणं यातलं काहीच अवघड गेलं नाही. अवघड गेला तो एकच प्रश्न: माती किती आणायची? त्याचं उत्तर मला तीन जणांकडून तीन प्रकारे मिळालं आणि तिन्ही चुकीची निघाली. म्हणून सगळं तारीखवार लिहून ठेवते आहे.

२ फेब्रुवारी २०२५ ला मी सोसायटीच्या कमिटीला रीतसर अर्ज दिला. ‘गच्चीच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात आठ बाय चार फुटांचा वाफा करण्यास परवानगी मिळावी.’ कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होते, त्यामुळे १६ तारखेपर्यंत थांबावं लागलं. बैठकीत सेक्रेटरीकाकांनी अर्ज वाचला आणि कमिटीतले एक निवृत्त स्ट्रक्चरल इंजिनिअर काका लगेच म्हणाले, “मॅडम, गच्चीवर नको. ओल्या मातीचं वजन किती होतं, याचा हिशेब केलात का?”

मी केला नव्हता. त्यांनी तिथेच कागदावर करून दाखवला. फूटभर खोलीचा एवढा वाफा भरून पाणी घातलं की आतल्या मातीचंच वजन आठशे किलोच्या घरात जातं. विटांचं वेगळं. म्हणजे दर चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या आसपास भार. आणि माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला भार आहे दर चौरस मीटरला दीड किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो. दुपटीहून जास्त होत होतं. मला वाईट वाटलं, पण वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. गच्चीवर वाफा करायचा विचार असेल तर माती मोजायच्या आधी हा भार मोजा आणि जाणकाराला दाखवा.

काकांनीच मार्ग सुचवला. आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत जमिनीचा एक पट्टा रिकामा होता. मी त्याच बैठकीत नकाशा काढून अर्जात दुरुस्ती केली आणि २२ तारखेला पत्र हातात पडलं. अटी अशा होत्या: बाहेरून माप आठ बाय चार फुटांपेक्षा जास्त नको, भिंतीपासून दोन फूट अंतर, ड्रेनेजचं चेंबर झाकायचं नाही, एक हजार रुपये अनामत, आणि मातीचा ट्रक किंवा डंपर आत आणायचा नाही. जे आणायचं ते पोत्यांतून, सकाळी दहा ते एक या वेळात, मागच्या गेटने.

या शेवटच्या अटीमुळे पोत्यांचा प्रश्न आला. तोपर्यंत मी एका माती-मुरूमवाल्याशी बोलून ठेवलं होतं. तो ब्रासच्या हिशेबाने माती देतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. अर्ध्या ब्रासच्या खाली तो गाडीच भरत नव्हता, आणि मला तर पाव ब्रासही लागणार नव्हती. शिवाय नुसती माती भरून वाफा दगडासारखा घट्ट होतो, त्यात खत आणि कोकोपीट हवंच. म्हणून ब्रासचा विचार सोडला.

१ आणि २ मार्चला गवंडी येऊन वाफा बांधून गेले. चार इंची भिंत, पंधरा इंच उंच, तळ उघडा. खालची जमीन कुदळीने सहा इंच खणून भुसभुशीत केली आणि विटांच्या पहिल्या थरात दर दोन फुटांवर पाणी निघायला फट सोडली. याबद्दल इतकंच पुरे.

बांधकाम चालू असतानाच मी नर्सरीत विचारून आले. नर्सरीवाले दादा म्हणाले, “ताई, एवढ्याला वीस पोती बास.” कसली पोती, किती किलोची, हे ते बोलले नाहीत. गवंडी म्हणाले पंचेचाळीस. माझ्या सासूबाई सातारकडच्या, शेतात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, “दोन बैलगाड्या तरी लागतील बघ.” गाडीभर शेणखत ओतायचा त्यांचा अंदाज शेतासाठी बरोबर असेल, पण तो घेऊन मी नर्सरीत काय सांगणार होते?

रात्री वही घेऊन बसले. आठ गुणिले चार म्हणजे बत्तीस चौरस फूट. माती एक फूट भरायची, वरचे तीन इंच आच्छादनाला आणि पाणी घालायला मोकळे सोडायचे. म्हणजे बत्तीस घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर मावतात, म्हणून ९०६ लिटर. नर्सरीतली मातीची पोती पंचवीस किलोची. किलो म्हणजे लिटर असं धरून ९०६ ला २५ ने भागलं आणि उत्तर आलं छत्तीस पोती.

या एका भागाकारात दोन चुका होत्या आणि दोन्ही मला दुसऱ्या दिवशी दिसल्या, कारण सकाळी टेप घेऊन वाफ्याच्या आत उतरले.

पहिली चूक मापाची. आठ बाय चार हे बाहेरचं माप. माती आत जाते, विटांच्या जागेत नाही. चार इंची भिंत दोन्ही बाजूंनी वजा केली की लांबी उरते सात फूट चार इंच आणि रुंदी तीन फूट चार इंच. दशांशात ७.३३ आणि ३.३३. गुणाकार २४.४ चौरस फूट. बत्तीसच्या जागी चोवीस, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा विटांनीच खाल्ला. लाकडी फळ्यांचा किंवा पत्र्याचा वाफा असेल तर हा फरक किरकोळ असतो, पण विटांच्या लहान वाफ्यात तो पोत्यांच्या संख्येत दिसतो. एक फूट खोलीला २४.४ घनफूट, म्हणजे ६९० लिटर.

इथेच एक आकडा काढून भिंतीवर खडूने लिहून ठेवला, तो आजवर कामाला येतो आहे. वाफ्यात एक इंच थर चढवायला किती लिटर लागतात? ६९० भागिले १२, म्हणजे सुमारे ५८ लिटर. दहा लिटरच्या बादलीने पावणेसहा बादल्या. पुढे माती खाली बसली, आच्छादन घालायचं झालं, खत टाकायचं झालं, की नुसते इंच मोजायचे आणि ५८ ने गुणायचं. क्षेत्रफळ फुटात आणि खोली इंचात घेऊन तसाच गुणाकार करण्याची चूकही यामुळे टळते. दोन इंच आच्छादनासाठी २४.४ गुणिले २ असं केलं तर ४९ घनफूट येतात, म्हणजे पूर्ण वाफ्याच्या दुप्पट! आधी दोनाला बाराने भागायला हवं, मग उत्तर येतं चार घनफूट.

दुसरी चूक किलो आणि लिटरची. आपल्याकडे माती, खत सगळं किलोवर विकतात, आणि वाफा भरतो तो लिटरने. पंचवीस किलोच्या पोत्यात किती लिटर माल आहे, हे पोत्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मग मोजणं आलं. लाल मातीचं एक, गांडूळखताचं एक पोतं आणि पाच किलोची कोकोपीटची एक वीट असा नमुना स्कूटरवरून दोन खेपांत घरी आणला.

घरात रंगाची रिकामी बादली होती. त्यात लिटरच्या बाटलीने मोजून दहा वेळा पाणी ओतलं आणि पाणी जिथवर आलं तिथे मार्करने आतून रेघ मारली. बादली पुसून कोरडी केली आणि लाल मातीचं पोतं तिच्यात ओतायला सुरुवात केली. माती दाबायची नाही, ठोकायची नाही, जशी पडते तशी रेघेपर्यंत भरायची आणि ताडपत्रीवर रिकामी करायची. लाल मातीची दोन बादल्या भरून वर जेमतेम लिटरभर उरली. म्हणजे पोतं २१ लिटरचं. गांडूळखत हलकं, त्याच्या चार बादल्या भरता भरता दोन लिटर कमी पडले. म्हणजे ३८ लिटर. कोकोपीटची वीट टबात पंचवीस लिटर पाणी घालून रात्रभर ठेवली. दुकानात सांगितलं होतं पंच्याहत्तर लिटर फुगते. सकाळी हाताने मोकळी करून मोजली तर सहा बादल्या आणि वर दोन लिटर, बासष्ट.

तिन्ही गोष्टी वजनाने विकत घेतल्या, पण एका पोत्यात एकवीस लिटर आणि दुसऱ्यात अडतीस! ‘वीस पोती बास’ या वाक्याला अर्थ का नव्हता, ते ताडपत्रीवरच्या त्या दोन ढिगांकडे पाहून कळलं.

प्रमाण मी असं ठरवलं: चार भाग लाल माती, तीन भाग गांडूळखत, तीन भाग भिजवलेलं कोकोपीट. हे भाग आकारमानाचे, वजनाचे नाहीत. ६९० लिटरचे भाग पाडले तर माती २७६ लिटर, बाकी दोन्ही २०७ लिटर. मातीची २७६ भागिले २१, तेरा पोती. खताची २०७ भागिले ३८, साडेपाचच्या आत, म्हणून सहा पोती. कोकोपीटच्या २०७ भागिले ६२, साडेतीनच्या खाली. खत थोडं जास्त होतंच, म्हणून तीन विटा घेतल्या. सगळं मिळून ६८७ लिटर. हवे होते ६९०. इतकं जुळलेलं पाहून मी निर्धास्त झाले, आणि तिथेच तिसरी चूक झाली.

८ मार्चला उरलेला माल टेम्पोने आला. खर्च असा: माती १५० रुपये पोतं, खत ३०० रुपये पोतं, कोकोपीट २२० ची वीट, नमुन्याची धरून ४,४१० रुपये. टेम्पोचे ७००. मागच्या गेटपासून वाफ्यापर्यंत पोती वाहायला नवरा, मुलगा आणि मी. दहा ते एकची वेळ पुरली, पण अगदी काठावर. पोती मोजून घ्या आणि त्याच वेळी गेटवर नोंद करा, आमच्याकडे वॉचमन प्रत्येक गाडीचा नंबर लिहितो.

९ तारखेला रविवारी ताडपत्रीवर थोडं थोडं घेऊन मिसळत वाफा भरला. शेवटचं घमेलं रिकामं झालं तेव्हा पट्टी उभी करून पाहिलं तर माती अकरा इंच. ६८७ लिटर ओतून ५८ च्या हिशेबाने बारा इंच व्हायला हवे होते. पन्नासेक लिटर गेले कुठे? सांडलं तर काहीच नव्हतं. कोकोपीटचा धागा पोकळ आणि जाड, त्याच्या मधल्या फटींत मातीचे बारीक कण जाऊन बसतात. गव्हाच्या डब्यात रवा ओतला तर डबा तितका वर भरत नाही, तसंच. वेगवेगळं मोजलेलं मिश्रणात कमी भरतं.

त्यानंतर आठवडाभर एक दिवसाआड झारीने भरपूर पाणी घातलं. हे मुद्दाम करायचं असतं, रोपं लावल्यावर माती खाली बसली तर मुळं उघडी पडतात. १६ मार्चला पुन्हा पट्टी उभी केली. साडेनऊ इंच! मला खरोखर रडू आलं. बाहेरून पाहिलं तर विटांच्या चौकटीत खाली कुठेतरी माती दिसत होती. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, माती बसणारच. नांगरटीनंतरचं रान आणि पावसानंतरचं रान एकसारखं दिसतं का कधी?” दोन बैलगाड्यांचा अंदाज त्यांनी का सांगितला होता, ते तेव्हा कळलं. बसणारी माती त्यांनी आधीच धरली होती.

बारातले साडेनऊ उरले, म्हणजे पाचवा हिस्सा गेला. इथे हिशेबाची एक खोच आहे. माल वीस टक्के बसतो म्हणून वीस टक्के जास्त आणायचा, असं मनात येतं. पण ६९० मध्ये वीस टक्के मिळवले की ८२८ होतात, आणि ८२८ चे वीस टक्के बसून उरतात ६६२. कमीच पडतं. हवं असलेलं माप ०.८ ने भागायचं. ६९० भागिले ०.८ म्हणजे ८६३ लिटर, अर्थात पंचवीस टक्के जास्त. कोकोपीट आणि खताचं प्रमाण माझ्यासारखं असेल तर हा आकडा चालावा. नुसती जड माती असेल तर ती इतकी बसणार नाही, आणि पालापाचोळा खाली भरला असेल तर कितीतरी जास्त बसेल.

भर घालायला अडीच इंच हवे होते. अडीच गुणिले ५८, म्हणजे १४५ लिटर. ते ०.८ ने भागून साधारण १८०. त्यातली माती ७२ लिटर, खत ५४, कोकोपीट ५४. पोत्यांत चार, दोन आणि एक वीट, थोडं उरेल असं. २२ मार्चला रिक्षाटेम्पोने आणलं. माल १,४२० रुपये आणि भाडं ५००. हे पाचशे रुपये आणि एक आठवडा पहिल्याच दिवशी ०.८ ने भागलं असतं तर वाचला असता.

या वेळी गांडूळखताचं पोतं उचलतानाच हाताला थंड आणि गच्च लागलं. नर्सरीत पुढच्या रांगेतल्या पोत्यांवर रोज पाणी उडतं. पोतं उघडून मूठभर खत दाबलं तर बोटांमधून पाणी निघालं. बादलीने मोजलं तर एकतीस लिटर. वजन तेच पंचवीस किलो, पण त्यात सात लिटर खताच्या जागी पाण्याचं वजन. मला लागणार होतं त्याहून जास्तच आणलं असल्यामुळे भागलं, पण दहा पोती घेणाऱ्याला हा फरक दोन पोत्यांएवढा पडेल. चांगलं गांडूळखत थोडं ओलसर असतंच. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी निघू नये, इतपत ठीक. तेव्हापासून मी मागच्या रांगेतलं, सावलीतलं पोतं मागते.

२३ तारखेला भर टाकली, खालच्या मातीत खुरप्याने मिसळून घेतली, पुन्हा पाणी दिलं. आठवड्याने माती बारा इंचांना जरा कमी, पावणेबाराला स्थिरावली. ३० मार्चला गुढीपाडवा होता. गुढी उभारून झाल्यावर सासूबाईंच्या हाताने भेंडी आणि गवारीचं बी टोकलं, कडेने लाल माठ फेकला.

आच्छादनासाठी पैसे द्यावे लागले नाहीत. आवारातल्या झाडांचा वाळका पाला झाडूवाल्या मावशी रोज गोळा करतात, तोच ठेवायला सांगितला. दोन इंच थराला ५८ दुणे ११६ लिटर. पण आता बसण्याचा धडा मिळाला होता. वाळका पाला मातीपेक्षा फार जास्त दबतो, दोन पाण्यांतच निम्मा होतो. म्हणून चार इंचांच्या हिशेबाने २३२ लिटर धरले. पन्नास किलोच्या तांदळाच्या रिकाम्या पोत्यात पाला न दाबता भरला तर साडेसहा बादल्या मावल्या, म्हणजे साडेतीन पोती. रोपं चार बोटं झाल्यावर तो पसरला. वर तीन-सव्वातीन इंचच मोकळे होते, म्हणून दोन हप्त्यांत, पहिला थर बसल्यावर दुसरा. देठापासून दोन बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर ओलीने देठ कुजतो. एप्रिल-मेच्या उन्हात रोजचं पाणी एक दिवसाआडवर आलं.

एकूण माती-खताचा खर्च भाड्यासकट ७,०३० रुपये झाला. सतरा पोती माती, आठ पोती खत, चार विटा. अनामत रक्कम कमिटीने मे महिन्यात, चेंबर मोकळं आहे हे पाहून परत केली.

दसरा झाल्यावर, १२ ऑक्टोबरला, वाफा रिकामा करून पुन्हा पट्टी लावली. पावसाळ्यात खत कुजून, जिरून माती दीड इंच उतरली होती. या वेळी वही काढली नाही. दीड गुणिले ५८, सत्याऐंशी लिटर. मातीचे कण कुठे जात नाहीत, जातं ते खत, म्हणून भर फक्त खताची. ३८ ने भागून सव्वादोन, बसणं धरून तीन पोती. नर्सरीत फोन केला आणि सांगितलं, “दादा, गांडूळखताची तीन पोती द्या. मागच्या रांगेतली, कोरडी.”